नळ आठ दिवसांनी येतो : संडास-आंघोळीचं पाणी कसं पुरवता?

अपर्णा : मराठवाड्यातल्या आमच्या गावात आठ दिवसांनी नळ येतो. घरात चार माणसं, एक हजार लिटरची टाकी, एक दोनशेचा ड्रम. स्वयंपाकाचं भागतं, पण कमोड पाणी खातो. तुम्ही काय करता? उपदेश नको, भोगलेलं लिहा.

सुधाकर : २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाचं आमचं शिक्षण सांगतो. आधी फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करा, नाहीतर सवयीनं हात बटणाकडे जातोच. मग बादली. मगानं हळूहळू ओतलं तर बादलीभर पाणी जातं आणि घाण तिथेच फिरते. पाच-सहा लिटर पाणी कमरेच्या उंचीवरून एका दमात सोडायचं. गुडगुड आवाज आला की ओढलं गेलं समजा. मग अर्धा मग सावकाश ओता. तळाशी पाणी राहिलं नाही, तर गटाराचा वास घरात येतो.

निखिल : एवढं कशाला? टाकीत वीट टाका, पाणी वाचतं.

सुधाकर : निखिल, वीट विरघळून रेती वॉशरमध्ये बसते आणि टाकी रात्रभर गळते. भरलेली बाटली ठेवता येईल, पण टाकी जुनी, मोठी असेल तरच. लहान टाकीत एका फ्लशला भागत नाही, दोनदा दाबावं लागतं.

वंदना : आम्ही मोठ्या टबात बसून आंघोळ करतो. माणशी पंधरा लिटर धरले तर चौघांचे साठ, त्यातले चाळीसेक टबात सापडतात. संडासाला दिवसाकाठी पाच बादल्या, म्हणजे तीस लिटर. ताजं पाणी लागतच नाही! फक्त केस गाळून घ्या, आणि हे पाणी फ्लशच्या टाकीत भरू नका. मी भरलं होतं. साबणाचा चिकटा बसून आतला रबर खराब झाला.

शुभांगी : आमचा प्रश्न वेगळाय. टाकी रिकामी असताना गीझर चालू राहिला, तर जळेल का?

प्रशांत : मी काटकसरीत दोनच लिटर ओतायचो. भांडं स्वच्छ दिसायचं. महिनाभरानं खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममधून घाण वर आली. मैला भांड्यातून निघून पुढच्या आडव्या पाइपात साचत होता. पाणी चढून मग संथ उतरायला लागलं होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आता दिवसातून एकदा तरी पूर्ण बादली सोडतो.

मीनल : ड्रमला झाकण किंवा घट्ट कापड हवंच. शिवाय आठवड्यातून एकदा आतून घासा, डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

अपर्णा : वंदनाताई, टब जमला. पण रात्रीपर्यंत त्याच पाण्याला कुबट वास येतो. सकाळचं पाणी दुपारीच संपवता का?

वंदना : हो. रात्रीसाठी मात्र ताजंच जातं, तिथे माझंही गणित चुकतं.