मदत हवी आहे: लीज करारातून किमी, इंधन, मेंटेनन्स, दंड कसे शोधायचे?

चाकणकर_२२
कंपनीच्या २२ गाड्या लीजवर आहेत. करार जाडजूड, स्कॅन केलेला. फ्लीट मॅनेजरना उद्या एक्सेल हवंय. km टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. वर परत केलेल्या एका गाडीवर जादा किमीचे ७२,००० लावलेत, मर्यादा ओलांडलेली नसताना! लवकर सांगा.

गाडीवान
सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवा. आम्ही बसवले, ड्रायव्हर सुतासारखे सरळ झाले.

वसुधा_प
जीपीएस कोण विचारतंय? स्कॅन म्हणजे चित्र, त्यात शोध चालणार नाही. आधी ओसीआर करा, पण आकडे मूळ पानावर ताडून बघा, ३ चा ८ होतो. बहुतेक वेळा मुख्य करारात नुसते नियम असतात. मुदत, किमी आणि जादा किमीचा दर गाडीगणिक शेड्यूलमध्ये. ती आहेत का? गाडी कधी परत केली?

चाकणकर_२२
शेड्यूल अ‍ॅडमिनकडे असतील. या गाडीचं आहे: ४८ महिने, ८०,००० किमी. ३० महिन्यांनी परत दिली, मीटर ६२,०००. कुठे ओलांडली?

वसुधा_प
मुदतीआधी दिलीत ना, तिथेच आहे मेख. महिन्यांच्या हिशेबाने ३० महिन्यांना ५०,००० किमी बसतात. जादा १२,०००. शेड्यूलमध्ये दर ६ रुपये असेल तर झाले ७२,०००. करारात pro-rata शोधा. ते कलम नसेल तर बिल अडवा. फोरक्लोजरचा आकार वेगळा येईल, त्याचा स्वतंत्र रकाना करा.

अ‍ॅडव्होकेट_नाना
काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७४ बघा. मनमानी दंड लावताच येत नाही.

वसुधा_प
नाना, ते करारभंगाच्या भरपाईबद्दल आहे. फोरक्लोजरवर भांडताना उपयोगी पडेल. जादा किमी हा वापराचा ठरलेला दर आहे.

अ‍ॅडव्होकेट_नाना
दर अवाच्या सवा असेल तर तोही दंडच, असं कोर्टात मांडता येतं.

रोहन_ठाणे
आमच्याकडे महिन्याला २,५०० किमी, टोल वेगळा, रात्रीचा भत्ता ड्रायव्हरला. तुम्हाला ४८ महिने कसे दिले?

वसुधा_प
रोहन, तुमची भाड्याची कॅब आहे. चाकणकर, मेंटेनन्सपुढे नुसतं 'समाविष्ट' लिहू नका. टायर किती मिळणार, बॅटरी धरलीय का, अपघाताची दुरुस्ती कोणाकडे, हे लिहा. इंधन साधारणपणे भाड्यात नसतं; फ्युएल कार्ड दिलं असेल तर त्याचं सेवाशुल्क जोडपत्रात सापडेल.

चाकणकर_२२
pro-rata सापडलं, दरही ६ च आहे. पण पुरवणी करारात लिहिलंय की एकाच मॉडेलच्या गाड्यांचे किमी एकत्र धरायचे. याच मॉडेलच्या बाकी गाड्या कमी पळाल्यात.

वसुधा_प
मग हिशेब वर्षाला करायचा की लीज संपल्यावर? आणि परत दिलेली गाडी त्या गटात धरतात का?

चाकणकर_२२
ते लिहिलेलंच नाही. आणि तीन गाड्यांची शेड्यूल अ‍ॅडमिनकडेही नाहीत.

गाडीवान
म्हणून म्हणतो, गाड्या विकतच घ्याव्यात.