मदत हवी आहे: खिडकीच्या प्रीकास्ट पॅनेलला साच्यातून उचलताना तडे

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या यार्डात ६ मी. लांब, ३ मी. उंच, १५० मिमी जाडीचं भिंतीचं पॅनेल आडवं ओततो. मधोमध २.४ × १.२ मी. खिडकी आहे, वजन ५.७ टन. वरच्या कडेतले दोन इन्सर्ट धरून, खालच्या कडेवर फिरवत उभं करतो. तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यांपासून बाजूच्या कडांकडे बारीक तडे जातात, तेही साच्याकडच्या, म्हणजे दर्शनी अंगावर.

साच्याची चिकट धरून १.५ गुणक घेतलाय. भरीव पॅनेलला wL²/8 ने मोमेंट मीटरला ६.३ केएनएम, ताण १.७ एमपीए येतो. उचलताना क्यूब १५ चा असतो, 0.7√fck ला १.५ ने भागून मर्यादा १.८, म्हणजे कागदावर पास. पण खिडकीचं वजन वजा करून सगळा मोमेंट बाजूच्या ३.६ मी. काँक्रीटवर टाकला, तर ताण २.१ होतो. माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे.

साच्याचं तेल बदललं, स्प्रेडर बीम लावून स्लिंग सरळ केले, फरक नाही. जाळी मध्यावर आहे, ती तडा थांबवणार नाहीच. टिल्टिंग टेबल नाही, गॅन्ट्री १० टनांची. साचा रोज मोकळा लागतो, त्यामुळे क्यूब २५ होईपर्यंत थांबणं अवघड.

खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे चॅनेल स्ट्राँगबॅक म्हणून बोल्टने आवळले, तर मोमेंटचा किती वाटा ते घेतील असं धरायचं? की पाठीच्या अंगावर चार इन्सर्ट देऊन आधी सपाट उचलावं आणि नंतर उभं करावं?