'टेम्पर द एग्ज' म्हणजे अंड्यांना फोडणी?

प्रश्नकर्ती (पुणे): एका परदेशी पाककृतिसंग्रहाचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासणीसाठी आला आहे. त्यातील कस्टर्डच्या कृतीत 'अंड्यांना फोडणी द्यावी' असे वाक्य आहे. मूळ कृतीत अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचे बलक आणि ७५ ग्रॅम साखर घेतली आहे. दूध कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवायचे, बलक साखरेसह फेटायचे आणि फेटता फेटताच त्यांत गरम दुधाची बारीक धार सोडायची. साधारण एक तृतीयांश दूध गेले, की ते सगळे पातेल्यातल्या उरलेल्या दुधात परत ओतायचे आणि ढवळत शिजवायचे. या धार सोडण्यालाच तिथे टेम्परिंग म्हटले आहे. पुढे 'सिमर होऊ देऊ नये' अशी सूचना असून शेवटी एक पिंच मीठ आहे. या तिन्ही शब्दांसाठी घरात बोलला जाणारा मराठी शब्द हवा आहे, पारिभाषिक कोशातला नको.

कोथरूडकर: अनुवादकाचा फार दोष नाही, कारण आपल्याकडच्या इंग्रजी पाककृतींत टेम्परिंग म्हणजे फोडणीच असते. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे, बेताचे करणे असा आहे आणि अंड्यांच्या बाबतीत तोच अर्थ शिल्लक आहे. थंड बलक एकदम गरम दुधात पडले तर जागच्या जागी शिजून त्यांच्या गुठळ्या होतात. थोडे थोडे दूध घातले की ते पातळ होतात आणि हळूहळू तापतात. चॉकलेटच्या टेम्परिंगचा अर्थ आणखी तिसरा आहे, त्यामुळे एकच मराठी शब्द शोधण्याच्या फंदात पडू नये. साहित्यात तेल आणि मोहरी असेल तर फोडणी, एरवी नाही, एवढी खूण अनुवादकाला पुरेल.

सदाशिवपेठी: फोडणी हा शब्द मोहरी फुटण्यावरूनच आलेला असल्यामुळे तो अंड्यांना लावणे हास्यास्पदच आहे. 'बलक गरम दुधाला सरावून घ्यावेत' असे शुद्ध मराठीत म्हणता येते. सिमरसाठी 'मंदाग्नीवर शिजवणे' हा शब्दप्रयोग असताना शोधाशोध कशासाठी?

हडपसरची सूनबाई: नुसत्या लसणाच्या फोडणीत मोहरी नसते, तरी ती फोडणीच असते, त्यामुळे ही व्युत्पत्ती मला पटलेली नाही. शिवाय आमच्याकडे मंदाग्नी हे पचन बिघडल्याचे नाव आहे आणि त्यावर औषध घेतात. सिमरला सरळ 'गॅस सिम करा' म्हणावे. शेगडीच्या खटक्यावर तेच छापलेले असते आणि घराघरांत तेच बोलतात.

कोथरूडकर: बोलतात हे खरे, पण अडचण नेमकी तिथेच आहे. 'सिम' हा शब्द आपल्याकडे ज्योतीचे नाव झाला आहे, तर इंग्रजीतले सिमर हे पातेल्यातल्या पदार्थाचे वर्णन आहे. मोठ्या बर्नरवर लहान पातेले ठेवून गॅस सिम केला तरी दूध खळखळ उकळते, आणि लहान बर्नरवर दहा माणसांच्या आमटीचे पातेले ठेवले तर सिमवर बुडबुडाही येत नाही. 'गॅस बारीक करा' हे अस्सल मराठी आहे, पण तेही ज्योतीबद्दलच बोलते. पदार्थाबद्दल बोलायचे तर आमटी बारीक रटरटते, भरपूर आच दिली की खदखदते आणि दुधाला कढ येतो. आमटीच्या कृतीत सिमर आले तर मी 'बारीक रटरटू द्यावी' असे बेधडक लिहीन.

प्रश्नकर्ती: मग 'सिमर होऊ देऊ नये' याचे 'उकळू देऊ नये' असे केले तर चालेल का? मसुद्यात तसेच आहे.

कोथरूडकर: चालणार नाही, आणि याच वाक्यामुळे वाचकाचे कस्टर्ड बिघडेल. उकळू नये असे वाचणारा माणूस उकळी फुटण्याची वाट पाहतो आणि बुडबुडे दिसेपर्यंत निर्धास्त राहतो. बलकांचे हे मिश्रण ८० अंशांच्या आसपास दाट होते आणि आणखी थोडे तापले की फुटू लागते. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते, म्हणजे पहिला बुडबुडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मी असे लिहीन: 'एकही बुडबुडा येऊ देऊ नये, वाफ दिसू लागली आणि चमच्याच्या पाठीवर थर धरून त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की पातेले लगेच उतरवावे.' तळाशी रवाळ कण लागू लागले तर तत्काळ थंड भांड्यात ओतून गाळून घ्यावे. थोडे फुटले असेल तर निभावते.

हडपसरची सूनबाई: मी कस्टर्ड नेहमी चांगले उकळते. ते आजवर कधी फुटलेले नाही.

कोथरूडकर: आपले कस्टर्ड डब्यातल्या पावडरीचे असणार. त्या पावडरीत अंडे नसून मक्याचे पीठ असते आणि ते दाट व्हायला उकळीच लागते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती पावडर केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. आपल्याकडे कस्टर्ड म्हटले की डबाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून कृतीच्या सुरुवातीला 'हे पावडरीचे कस्टर्ड नव्हे' असे लिहिणे मला शब्दांच्या निवडीइतकेच आवश्यक वाटते.

साताऱ्याचे आजोबा: उकळण्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या घरी सौभाग्यवती ताकाची कढी करतात आणि ती हल्ली दर वेळी फुटते. ताक आंबट असल्यामुळे असे होते काय?

कोथरूडकर: आजोबा, प्रश्न कस्टर्डचा आहे, पण कढीचे गणित त्याला जवळचे आहे. आंबटपणाने फुटणे सोपे होते, हे बरोबर. ताक तापवण्याआधीच त्यात बेसन गुठळी न ठेवता कालवावे, आच मंद ठेवून ढवळणे थांबवू नये आणि कढ येऊ लागताच उतरवावी. बेसन ताकाला धरून ठेवते, म्हणून कढी तेवढा कढ सोसते. नुसत्या बलकांच्या मिश्रणाला असा कोणाचाच आधार नसतो.

सदाशिवपेठी: म्हणजे मराठीत 'कढ येऊ देऊ नये' हा शब्दप्रयोग तयार असताना आपण बुडबुडे मोजत बसलो आहोत. आमची आजी चुलीच्या वैलावर पातेले सरकवीत असे. तिथे जाळ थेट लागत नसे, आणि सिमर म्हणतात ते हेच. 'वैलावर ठेवावे' असा शब्द पुन्हा रुळवायला काय हरकत आहे?

हडपसरची सूनबाई: हरकत एवढीच, की वैल म्हणजे काय हे सांगायला आणखी एक पान लागेल. आणि कढ म्हणजे उकळीच, असे आमच्याकडे समजतात.

सदाशिवपेठी: कढ वर चढतो आणि उकळी फुटते. दोन्ही एक नव्हेत.

प्रश्नकर्ती: बुडबुड्याचे वाक्य घेते. 'सरावून घ्यावेत' हेही आवडले, पण पुढे धारेचे वर्णन ठेवावेच लागेल. मिठाचे कोणीच बोलले नाही.

कोथरूडकर: चिमूटभर, दुसरे काय? काही परदेशी चमच्यांच्या संचांत पिंचचा चमचा छोट्या चमच्याच्या सोळाव्या भागाएवढा असतो. कस्टर्डला तेवढे पुष्कळ.

साताऱ्याचे आजोबा: चिमूट अंगठा आणि दोन बोटांची. अंगठा आणि एकाच बोटाची ती चिमटी.

हडपसरची सूनबाई: आमच्याकडे हिंग चिमटीने घेतात आणि मीठ चिमटीत मावत नाही, ते चवीपुरते असते.

सदाशिवपेठी: चिमूट आणि चिमटी यांत मापाचा फरक नाही. ज्यांना आहे असे वाटते, त्यांनी आधार द्यावा.