ऑफिसच्या पीसीवरचा ‘चॅट’ फोल्डर

साने काकू, बी-३०२: नमस्कार. मेंटेनन्सचा चेक द्यायला ऑफिसात गेले, तर वॉचमनचा भाचा पीसीवर आमच्या गळतीचे चॅट वाचत बसलेला! कोणी लक्ष देतं का?

नेने सेक्रेटरी: काकू, ते एक्स्पोर्ट केलेले चॅट उपनिबंधकांकडच्या तक्रारीसाठी जपून ठेवलेत. पीसीला पासवर्ड आहे.

मिहीर, सी-२०४: तो लॉगिनचा, आणि सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे. शिवाय हार्डडिस्क काढून दुसरीकडे लावली की फोल्डर उघडाच. फोल्डरच एन्क्रिप्ट करा. 7-Zip आहे तिथे. राइट-क्लिक, `Add to archive`, फॉरमॅट `7z`, पासवर्ड, आणि `Encrypt file names` वर टिक.

देसाई, ए-४०२: आणि मूळ फोल्डर?

नेने सेक्रेटरी: टिक कशाला? पासवर्ड आहे ना?

मिहीर, सी-२०४: टिक नसेल तर मजकूर कुलपात, पण फाइलींची नावं बाहेर. `WhatsApp Chat with Sane B-302.txt` असं कोणालाही दिसेल. `zip` निवडलंत तर ती टिकच मिळत नाही.

साने काकू, बी-३०२: म्हणजे माझंच नाव पुन्हा चव्हाट्यावर.

पाटील, सी-१०३: टाकीच्या व्हॉल्व्हलाही पासवर्ड घाला. कोणीही येऊन फिरवतंय 🙏

नेने सेक्रेटरी: पाटील, तो विषय वेगळा. फाइल झाली, पेनड्राइव्हवर कॉपीही केली. पासवर्ड इथे टाकू?

मिहीर, सी-२०४: नको!! कागदावर लिहून दोन बंद पाकिटं करा, एक अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे. पेनड्राइव्हसोबत ठेवू नका. हा पासवर्ड विसरलात तर रीसेट नाही, फाइल गेलीच समजा.

देसाई, ए-४०२: मूळ फोल्डर कुठे आहे?

नेने सेक्रेटरी: डिलीट केला हो देसाईसाहेब!

देसाई, ए-४०२: रीसायकल बिनमधून?

मिहीर, सी-२०४: थांबा, बिन रिकामा करू नका. आधी पेनड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा.

नेने सेक्रेटरी: घरी लावली. पासवर्ड टाकायच्या आधीच एरर.

मिहीर, सी-२०४: कॉपी चालू असताना ओढून काढलात का?

नेने सेक्रेटरी: लाइट जाईल म्हणून घाई केली.

पाटील, सी-१०३: 😂 टाकी?

मिहीर, सी-२०४: पीसीवरची फाइल `Test archive` करा. ती ठीक असेल तर पुन्हा कॉपी करा आणि `Eject` करूनच काढा. मग एखादा चॅट उघडून शेवटचा मेसेज दिसतो का बघा.

नेने सेक्रेटरी: केलं. घरच्या लॅपटॉपवर उघडली. शेवटचा मेसेज देसाईंचा आहे.

साने काकू, बी-३०२: असणारच.

देसाई, ए-४०२: काकू, कृपया. नेने, मूळ फोल्डर?

नेने सेक्रेटरी: बिन रिकामा केला!!

देसाई, ए-४०२: पीसीचा डेस्कटॉप गूगल ड्राइव्हशी जोडलेला आहे. तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो.

नेने सेक्रेटरी: 😐 सकाळी बघतो.

खजिनदार गोखले: पाकीट मिळालं. पेनड्राइव्ह माझ्याकडे नको, पाकीट आहे ना.

देसाई, ए-४०२: मी ठेवतो.

साने काकू, बी-३०२: अजिबात नाही.