लग्नाचा वाढदिवस, घरीच पिक्चर

"३० वर्षं झाली लग्नाला, संध्याकाळी घरीच दोघांनी कुठला पिक्चर बघावा?"

'मुंबईचा जावई' बघा, १९७० चा, राजा ठाकूरांचा. चाळीतल्या भरल्या घरात नवं जोडपं आणि दोघांना बोलायलासुद्धा निवांत कोपरा नाही, एवढीच गोष्ट, पण ज्यांनी दोन खोल्यांत संसार सुरू केला त्यांना प्रत्येक सीन आपलाच वाटतो. आम्ही मागच्या वर्षी बघितला, 'का रे दुरावा' लागलं तशी हिने हातातली वाटी खाली ठेवली आणि पूर्ण गाणं माझा हात धरून ऐकलं. हिंदी हवा असेल तर ह्याच्यावरूनच केलेला 'पिया का घर', १९७२, जया भादुरीचा. म्हातारपण-आजारपणाचे पिक्चर त्या दिवशी नकोच, कितीही चांगले असले तरी. आणि जेवणाआधी लावा, नंतर डोळे मिटतात.