मुतखडा, युरिक ॲसिड आणि अळूचं फदफदं

वहिनी (बी-३०२): ह्यांचा खडा मागच्या आठवड्यात पडला, ५ मिमीचा. तपासणीत कॅल्शियम ऑक्सलेट निघालं. रक्तात युरिक ॲसिडही ७.६ आलंय. दवाखान्यातून इंग्रजी यादी मिळालीय: स्पिनच, रुबार्ब, स्विस चार्ड, अँकोव्ही. रुबार्ब आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही. सासूबाईंनी खबरदारी म्हणून दूध, टोमॅटो आणि सगळ्या डाळी बंद केल्यात. आपल्या जेवणातलं नेमकं काय टाळायचं?

काका (ए-१०१): कुळथाचं कळण द्या रोज सकाळी. खडा विरघळतो. आमच्या गावाकडे सगळे हेच करतात.

ताई (सी-५०४): वहिनी, मी आहारतज्ज्ञ म्हणूनच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. आधी दूध सुरू करा. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून दूध बंद, हे उलटं पडतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे जातं. कॅल्शियम नसेल तर मोकळं ऑक्सलेट रक्तात जातं आणि तिथून लघवीत उतरतं. इटलीत वारंवार असे खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर ५ वर्षं अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा ६० जणांत १२ जणांना. म्हणून वाटीभर दही किंवा ताक जेवणासोबतच घ्यायचं. नंतर कधीतरी घेतलं तर हा उपयोग होत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

वहिनी (बी-३०२): आणि टोमॅटो?

ताई (सी-५०४): टोमॅटो बिचारा फुकट बदनाम आहे. त्यात ऑक्सलेट अगदी कमी. बियांमुळे खडा होतो हेही खरं नाही. आमटीत खुशाल घाला.
खरा घोळ पालेभाज्यांत आहे. पालक, राजगिऱ्याची भाजी, चाकवत, अळू, चुका. घशाला खाज आणणाऱ्या अळूतल्या बारीक सुया म्हणजे कॅल्शियम ऑक्सलेटच. आता फदफदं बघा: अळू, आंबटपणाला चुका, वरून शेंगदाणे. तिन्हीत ऑक्सलेट, तेही एकाच वाटीत! सणावारी थोडं खाल्लं तर चालेल, दर आठवड्याला नको. पालक खायचाच असेल तर उकडून पाणी फेकायचं आणि सोबत दही घ्यायचं. बीट, बदाम, तीळ, शेंगदाण्याचं कूट हात राखून. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, फ्लॉवर, काकडी बिनधास्त.

दादा (बी-२०१): माझा अंगठा सुजतो, युरिक ॲसिड ८.४. मलाही डाळी आणि मटार बंद सांगितलेत शेजाऱ्यांनी. आमच्याकडे रविवारी बांगडा असतो, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही 😅

ताई (सी-५०४): दादा, तुमचा प्रश्न निराळा, यादीही निराळी. वरण, मूग, मटार यांनी गाऊटचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. धोका वाढतो तो मटण, कलेजी, भेजा, बांगडा, तारली, कोळंबी यांनी. अँकोव्हीच्या जागी हेच वाचा. शिवाय बिअर आणि साखरेची कोल्ड्रिंकं. दूध-दही तुम्हालाही चांगलंच. पण नुसत्या पथ्याने ८.४ फार खाली येत नाही, गोळी चालू असेल तर बंद करू नका.
वहिनी, भाऊजींचा खडा कॅल्शियम ऑक्सलेटचा असला तरी मटण-मासे त्यांनीही कमीच करावेत. डाळी मात्र सुरू करा.

काका (ए-१०१): म्हणजे कळण खोटं?

ताई (सी-५०४): कळण प्या की काका. पातळ असतं, पाणी पोटात जातं. पण कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा कशानेच विरघळत नाही. छोटा असेल तर आपसूक पडतो आणि श्रेय कळणाला जातं 🙂 युरिक ॲसिडचा खडा मात्र खरंच विरघळू शकतो, लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने. तो साध्या एक्स-रेत दिसतही नाही. म्हणून खडा कशाचा, हे आधी तपासायचं.

वहिनी (बी-३०२): पाणी किती? कुणी तीन लिटर सांगतं, कुणी पाच.

ताई (सी-५०४): पिण्यापेक्षा लघवी मोजा. दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी, रंग फिकट. उन्हातलं काम असेल तर पाणी जास्त लागतं. रात्री झोपतानाही एक ग्लास. लिंबूपाणी उत्तम, पण मीठ-साखर नाममात्र. मीठ वाढलं की लघवीत कॅल्शियम वाढतं. लोणचं, पापड, फरसाण तिथेच नडतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पाणी आणि शहाळं डॉक्टर सांगतील तेवढंच.

काकू (ए-१०१): आणि कळ आली तर? ह्यांना मागच्या वर्षी रात्रभर कळणच पाजलं होतं.

ताई (सी-५०४): कळीसोबत थंडी वाजून ताप, लघवी बंद किंवा उलट्या थांबत नसतील, तर सकाळची वाट बघू नका काकू, तडक दवाखाना. खडा अजून पडायचा असेल तर लघवी गाळणीतून गाळा आणि सापडलेला तुकडा कोरड्या डबीत घालून तपासणीला न्या.

वहिनी (बी-३०२): सासूबाईंना वाचून दाखवलं. आज रात्री वरण-भात, दोडक्याची भाजी आणि ताक. तिळाची चटणी त्यांनी स्वतःच उचलून ठेवली.