नळाचा फोटो दाखवून वायसर आणलाय का कधी? अनुभव सांगा

मेघना_क: स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. फोटो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यांना पाठवला, त्यांनी अर्धा इंचीचा रबरी वायसर दिला. नळ खोलला तर आत वायसर बसायला जागाच नाही! फोटोवरून पार्ट कसा ओळखायचा? तुमची फजिती झाली असेल तर तीही लिहा.

वाड्यातला: वायसरच बदलायचा असतो हो. आमचे पितळी नळ तीस वर्षं त्यावरच चाललेत. दहा रुपयांचं काम.

जुना दुकानदार: तुमच्या पितळी नळाला ते बरोबर आहे. तो बंद करायला तीन-चार आटे फिरवावे लागतात. मेघनाताईंचा नळ अर्ध्या फेरीच्या आतच पूर्ण उघडत असेल, तर आत वायसर नाही, सिरॅमिक चकत्यांचं स्पिंडल आहे. तो अख्खा पार्ट बदलतात. पंचवीस वर्षं काउंटरवर बसलो. लोक थेंबाचा फोटो दाखवायचे, मी विचारायचो, "पाणी कुठून येतंय, आणि नळ बंद असताना की चालू असताना?" बंद असताना तोंडातून गळत असेल तर वायसर नाहीतर स्पिंडल. चालू केल्यावरच मुठीखालून पाझरत असेल तर वायसर बदलून काही होत नाही. तिथलं पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलेली असते.

टिपटिप: आमच्या फ्लशच्या टाकीतून रात्रभर पाणी वाहतं. फोटो टाकू का?

जुना दुकानदार: टाका, पण ते प्रकरण वेगळं.

साताऱ्याची सून: मी मूठ काढून स्पिंडलचा फोटो पाठवला होता. दुकानदारांनी दिलेलं आट्यांना बरोबर बसलं, पण मूठ वर गरागरा फिरायला लागली. टोकावरचे दात वेगळे निघाले, जुन्याला 20 आणि नव्याला 24. बदलून आणलं, तर नळ उलट्या बाजूला उघडायला लागला. गरम-गारच्या जोडीत डावं-उजवं वेगळं असतं हे तेव्हा कळलं. आता जुनं स्पिंडल पिशवीत घालून थेट दुकानात नेते.

वाड्यातला: मग मागच्या महिन्यात नवा वायसर घालूनही आमचा एक नळ गळतोच आहे, तो का?

जुना दुकानदार: वायसर ज्यावर टेकतो त्या पितळी कडेवर बोट फिरवून बघा. खड्डा लागला तर कितीही वायसर बदला, थेंब येणारच. आणि ते फोटोत दिसत नाही.

मेघना_क: टाकीचा वॉल्व्ह बंद करून स्पिंडल काढलं. चकतीच्या फटीत वाळूचा कण होता. धुऊन बसवलं, तरी मिनिटाला एखादा थेंब येतोच. दात मोजले तर एकदा 20, एकदा 21.

जुना दुकानदार: एका दातावर पेनाची खूण करून मोजा. 21 दात मी कधी पाहिले नाहीत.